मोठ्या बदलानंतर शेड्यूलची नवी बेसलाइन कशी करावी, आणि जुनी कशी जपावी

काम सुरू होण्यापूर्वी मालक आणि ठेकेदार दोघांनी मान्य केलेल्या तारखांचा गोठवलेला संच म्हणजे बेसलाइन. रोजचं शेड्यूल हलत राहतं, बेसलाइन हलत नाही, म्हणून तर किती मागे पडलो ते कळतं. पण मध्येच कामच बदललं, तर जुन्या तारखांशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही आणि बेसलाइन नव्याने करावी लागते. इथेच एक मोठी गफलत होते. नवी बेसलाइन करताना मालकाच्या बदलामुळे वाढलेले दिवस आणि आपल्या ढिलाईने गेलेले दिवस एकाच गाठोड्यात बांधले जातात, आणि नंतर ते कुणालाच सुटे करता येत नाहीत. हा लेख मुख्यतः ते गाठोडं आधीच सोडवून ठेवण्याबद्दल आहे.

समजण्यासाठी एक काम घेऊ. निफाड तालुक्यात द्राक्षांचं पॅकहाउस आणि शीतगृह उभं राहतंय. सुरुवात 1 एप्रिल 2025, ठरलेली पूर्णता 15 डिसेंबर, म्हणजे जानेवारीत निर्यातीचा माल येईपर्यंत मशिनरीची चाचणी उरकलेली असेल. मूळ आराखड्यात प्रीकूलिंगच्या दोन खोल्या आहेत. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मालक सांगतात, दोन नाही, चार हव्यात. त्यासाठी शेडचा एक गाळा वाढणार, त्याचे नवे खड्डे आणि फुटिंग आले. शेड उभारणारी टोळी एकदाच येते, त्यामुळे नव्या गाळ्याचा पाया झाल्याशिवाय पुढचं सगळं थांबणार.

यातच आणखी एक गोष्ट आहे. मूळ पाया 20 जुलैला संपायचा होता, तो 1 ऑगस्टला संपला. पेठ-सुरगाण्याकडची टोळी भात लावणीला गावी गेली आणि बदली माणसं वेळेत मिळाली नाहीत. हे 12 दिवस ठेकेदाराचे आहेत. लावणी दरवर्षी येते, ती शेड्यूलमध्ये धरायलाच हवी होती.

आधी ठरवा: बेसलाइन बदलायची वेळ आली आहे का

मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, काय बांधायचं तेच बदललंय का, किंवा आपल्या हाताबाहेरचं कारण करारात बसतं आणि समोरच्याने ते लेखी मान्य केलंय का. दुसरी, जुनी बेसलाइन अजून काही सांगते का. साप्ताहिक बैठकीत प्रत्येक ओळ लाल दिसू लागली, किंवा निम्म्या कामांसमोर Baseline Finish च्या रकान्यात NA दिसू लागलं, की लोक तो रकाना पाहणंच सोडतात. तिसरी, मुदतवाढीवर सही झालीय का. सहीशिवाय केलेली नवी बेसलाइन ही फक्त ठेकेदाराची इच्छा असते.

नुसता उशीर झाला, हे कारण चालत नाही. उशीर दाखवण्यासाठीच बेसलाइन असते. नाशिकचा नेहमीचा पाऊसही कारण नाही, जून ते सप्टेंबर कमी काम होणार हे कॅलेंडरमध्ये आधीच असायला हवं. आणि बदल छोटा असेल, म्हणजे समजा लोडिंगच्या ओट्याला एक जादा रॅम्प आला आणि शेवटची तारीख हलली नाही, तर पूर्ण बेसलाइनला हात लावू नका. तेवढी नवी कामं निवडा, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये Set Baseline च्या चौकटीत Selected tasks घ्या, झालं.

आपल्या उदाहरणात काम बदललं आणि शेवटची तारीखही हलते, म्हणजे पहिली अट पुरी होते. आता दिवसांचा हिशेब.

दिवस वेगळे करा

बदलाची चर्चा सुरू झाली त्या दिवशी, समजा 8 ऑगस्टला, शेड्यूल साइटवरच्या वस्तुस्थितीप्रमाणे अपडेट करा आणि बदल न घालता पूर्णतेची तारीख पाहा. आपल्या कामात ती 27 डिसेंबर येते, म्हणजे मूळ 15 डिसेंबरपेक्षा 12 दिवस पुढे. (हिशेब सोपा राहावा म्हणून इथे सातही दिवस कामाचे धरलेत. साप्ताहिक सुट्टी असेल तर सॉफ्टवेअर कामाचे दिवस मोजतं, त्यामुळे आकडा कमी दिसेल.) ही फाइल वेगळ्या नावाने ठेवून द्या. ती नसेल तर पुढे हे 12 दिवसही बदलाच्या नावावर जातात.

आता बदलाची कामं घाला: खोदाई, फुटिंग, क्युरिंग, वाढीव गाळा, दोन खोल्यांची पॅनेल, महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज. प्रत्येकाला आधीचं आणि नंतरचं काम जोडा. नुसती तारीख टाकून खिळवलेलं काम काहीच सांगत नाही. नवी पूर्णता येते 31 जानेवारी. 27 डिसेंबर ते 31 जानेवारी हे 35 दिवस बदलाचे, त्याआधीचे 12 आपले.

म्हणजे नवी बेसलाइन 15 डिसेंबर अधिक 35 दिवस, 19 जानेवारी. अंदाज मात्र 31 जानेवारीचाच राहतो आणि 12 दिवसांचा फरक रिपोर्टमध्ये उघडा दिसतो.

हा आकडा दुसऱ्या बाजूनेही तपासा. मूळ मंजूर फाइलची प्रत घ्या, जिच्यात प्रगती भरलेली नाही, आणि तीच बदलाची कामं तिच्यात घाला. इथेही 19 जानेवारी आली तर हिशेब बरोबर. नाही आली तर क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची सगळ्यात लांब साखळी, बदललाय. समजा पाया नाही, तर मोठा कंप्रेसर यायला लागणारा वेळच सगळ्यात लांब ठरला. मग मूळ फाइलमध्ये बदल घालूनच तारीख 31 जानेवारीजवळ जाऊ शकते, कारण पायाचे 12 दिवस कंप्रेसरची वाट पाहण्यात तसेही मुरले असते. अशा वेळी सरळ बेरीज-वजाबाकी चालत नाही. दोन्ही फाइली मांडून मालकाच्या कन्सल्टंटसोबत बसावं लागतं.

मालकाशी बोलणं

या टप्प्यावर मालक बहुतेक वेळा म्हणतात, “भाऊ, दोन तारखा कशाला? मला एकच सांगा, माल कधी आत येईल?” त्यांचं बरोबर आहे, त्यांना बागाईतदारांना शब्द द्यायचा असतो. उत्तर एकच द्या: 31 जानेवारी, आणि मेहनत करून ती 19 ला आणायची जबाबदारी आमची. पण हंगाम जानेवारीत सुरू होतो, म्हणून दोन खोल्या आधी ताब्यात देता येतील का, हेही याच बैठकीत ठरवा. ठरलं तर त्या टप्प्याला स्वतंत्र माइलस्टोन करून त्याचीही बेसलाइन घ्या. नंतर आठवून घातलेल्या माइलस्टोनवरून भांडणं होतात.

मालकाने ते 12 दिवसही माफ केले आणि थेट 31 जानेवारी मान्य केली, तरी हरकत नाही. तसं पत्रात स्पष्ट लिहून घ्या: बदलाचे 35, माफ केलेले 12. दंडाचा किंवा जादा खर्चाचा प्रश्न आला की हा एक ओळीचा फरकच कामी येतो.

प्रत्यक्ष बदल

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका फाइलला 11 बेसलाइन ठेवता येतात: Baseline आणि Baseline 1 ते Baseline 10. पण Finish Variance हा रकाना फक्त Baseline शी तुलना करतो. म्हणून रीत अशी ठेवा की मूळ मंजुरीच्या दिवशीच तारखा Baseline आणि Baseline 1 दोन्हींत साठवायच्या. पुढे Baseline बदलली तरी Baseline 1 मध्ये मूळ तारखा राहतात. दुसरी मंजुरी आली की ती Baseline आणि Baseline 2 मध्ये.

चालू फाइल उघडून Entire project वर Set Baseline दाबलं, तर अंदाजाच्या तारखाच बेसलाइन होतात: 31 जानेवारी, फरक शून्य. टोळीचे 12 दिवस एका क्लिकमध्ये पुसले जातात. त्याऐवजी मूळ फाइलच्या त्या प्रतीत आलेल्या तारखा चालू फाइलच्या Baseline Start, Baseline Finish आणि Baseline Duration या रकान्यांत आणा. दोन्हीकडे कामांचा क्रम तोच आणि सगळे गट उघडलेले असू द्या, नाहीतर तारखा एक ओळ वरखाली चिकटतात. प्रायमाव्हेरात हे सोपं आहे: Maintain Baselines मध्ये Add करून ती प्रतच Convert another project to a new baseline of current project ने जोडता येते. पण त्या पर्यायाने प्रत प्रोजेक्टच्या यादीतून निघून जाते, म्हणून आधी तिची आणखी एक कॉपी ठेवा.

मग लगेच दोन आकडे पाहा. पूर्ण झालेल्या पायाचा Finish Variance 12 च असला पाहिजे, आणि संपूर्ण प्रोजेक्टचाही 12. यातला एकही शून्य दिसला तर इतिहास गेला. बदल मागे घ्या आणि पुन्हा करा.

रद्द झालेली कामं डिलीट करू नका. प्रोजेक्टच्या प्रोफेशनल आवृत्तीत Inactivate आहे, ते वापरा. काम डिलीट केलं की त्याच्या जुन्या बेसलाइनसकट जातं. एकदा वापरलेला ॲक्टिव्हिटी आयडी दुसऱ्या कामाला देऊ नका, कारण दोन बेसलाइन जोडून पाहण्याचा धागा तोच असतो.

नोंदवही

सॉफ्टवेअरमधल्या बेसलाइन तारखा सांगतात, कारण सांगत नाहीत. म्हणून प्रत्येक बेसलाइनसाठी एक नोंद हवी, आणि ती एका पानापेक्षा मोठी नको. खाली B0 म्हणजे मूळ बेसलाइन आणि B1 म्हणजे पहिली नवी, सॉफ्टवेअरमधली Baseline 1 नव्हे:

```
B1
डेटा तारीख : 08-08-2025
कारण : प्रीकूलिंग 2 ऐवजी 4, गाळा 1 जादा
आधीची पूर्णता (B0) : 15-12-2025
मंजूर वाढ : 35 दिवस
नवी पूर्णता : 19-01-2026
त्या दिवशीचा अंदाज : 31-01-2026
ठेकेदाराचा उशीर : 12 दिवस (पाया, मनुष्यबळ)
मंजुरी : पत्र क्रमांक, तारीख, सही
फाइल : PH_B0.mpp, PH_update_0808.mpp, PH_B1.mpp
```

फाइली फक्त वाचता येतील अशा ठेवा आणि सोबत पीडीएफही काढा. काही वर्षांनी वाद उभा राहिला, तेव्हा ते सॉफ्टवेअर कुणाच्या संगणकावर असेलच असं नाही. मूळ बेसलाइन, बदलाच्या दिवशीची अपडेट आणि नवी बेसलाइन, या तिन्ही एकत्र असल्या तरच हिशेब पुन्हा मांडता येतो. बहुतेकांकडे मधली नसते.

साप्ताहिक रिपोर्टमध्ये शेवटपर्यंत दोन रकाने ठेवा: चालू बेसलाइनपासून फरक आणि मूळ बेसलाइनपासून फरक. साइटवर पहिला पाहायचा, कारण त्यावर काम होतं. बँकेला आणि मालकाच्या भागीदारांना दुसराही दाखवायचा. आपल्या पॅकहाउसच्या पहिल्या रिपोर्टमध्ये ते 12 आणि 47 असतील. टोळी वाढवून चार दिवस भरून काढले की 8 आणि 43. तेव्हा सुधारणा खरी आहे हे कुणालाही ताडून पाहता येईल.