इनलाइन स्केटिंग शिकताना सारखं मागे पडता? या चुका टाळा

नवशिका पुढे पडला तर बहुतेक वेळा गुडघ्यांच्या पॅडवर थोडा घसरतो आणि उठून उभा राहतो. मागे पडला की मार लागतो तो माकडहाडाला, मनगटाला आणि डोक्याच्या मागच्या भागाला. माकडहाडावर तर पॅडही नसतं. म्हणून सुरुवातीला शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे वजन टाचेवरून पुढे आणणं. उभं राहणं, थांबणं आणि पडणं, तिन्हीतल्या नेहमीच्या चुका इथूनच निघतात.

"सरळ उभी राहा!"

काठावर उभे असलेले पालक हेच ओरडत असतात आणि मूल इमानदारीने गुडघे ताठ करतं. ताठ पायांवर वजन टाचांवर जातं. मग जमिनीतली एखादी बारीक फट लागली किंवा चाक जरा पुढे सरकलं, की पाय पुढे आणि अंग मागे.

गुडघे इतके वाकवायचे की नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे. खाली नजर टाकली तर गुडघ्याआड बुटाचं टोक झाकलं गेलेलं दिसतं. पावलं खांद्यांइतकी रुंद, हात कमरेच्या उंचीवर पुढे आणि नजर चार-पाच मीटर लांब. इथे एक फसगत होते. मुलं गुडघे वाकवण्याऐवजी कमरेतून वाकतात. लांबून ते बरोबर दिसतं, पण पाय ताठच असतात आणि वजन टाचांवरच राहतं. ओळखायचं कसं? नडगी जिभेला टेकली आहे का, एवढंच विचारायचं. टेकली नसेल तर वाक कमरेतला आहे.

दुसरी चूक हात धरून ओढण्याची. आई किंवा बाबा पुढून दोन्ही हात धरून ओढतात, मूल त्या हातांना लोंबकळतं आणि त्याचं अंग मागे कलतं. हात सोडला की ते मागेच पडणार. आधार द्यायचाच असेल तर बाजूने चाला आणि तुमचा हात त्याच्या कमरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे मूल त्यावर हात टेकवेल, लटकणार नाही. त्याआधी गवतावर किंवा जाड चटईवर स्केट्स घालून चालवून घ्या. तिथे चाकं फिरत नाहीत आणि शरीराला वाकलेल्या गुडघ्यांची सवय होते.

बूटही तपासा. "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून मोठे घेतलेले स्केट्स हे मागे पडण्याचं छुपं कारण असतं. ताठ उभं राहिल्यावर पायाची बोटं पुढे हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत. वाकल्यावर टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे किंवा घोट्यापाशी ढिला आहे. लेस बोटांकडे सैल आणि घोट्यापाशी घट्ट हवी.

ब्रेक लावतानाच पडते

हे उदाहरण नेहमी दिसतं. नऊ-दहा वर्षांची मुलगी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये छान पुढे जाते. थांबायची वेळ आली की धपकन मागे. पालकांना वाटतं, ब्रेक खराब आहे.

तिच्याकडे बाजूने पाहा. दोन्ही पाय शेजारीशेजारी, गुडघे सरळ, आणि ती उजव्या बुटाचं टोक उचलते आहे. इनलाइन स्केटला रबराचा ब्रेक बहुधा उजव्या बुटाच्या टाचेला असतो. पाय अंगाखालीच ठेवून तो जमिनीला टेकवायचा तर अंग मागे झुकवावं लागतं. डावा पाय तोवर पुढे पळत असतो. पडणं ठरलेलंच.

दुरुस्ती चाकं न फिरणाऱ्या गवतावर सुरू करा. गुडघे वाकवून उभं राहायचं आणि उजवा पाय एका बुटाच्या लांबीएवढा पुढे सरकवायचा, म्हणजे उजव्याचं मागचं चाक डाव्याच्या पुढच्या चाकाच्या आसपास येतं. वजन डाव्या, वाकलेल्या पायावरच. त्यानंतरच उजवं टोक वर. ही चाल सहज यायला लागली की सपाट जमिनीवर, अगदी चालण्याच्या वेगाने करून पाहा. रबर टेकल्यावर डावा गुडघा आणखी वाकवून खाली जायचं, छाती डाव्या गुडघ्याच्या वर ठेवायची. दाब या खाली जाण्यातून वाढतो. तरीही टोक खूप उंच उचलावं लागत असेल तर रबर झिजलंय, ते बदला. झिजलेलं रबर चांगल्या शिकणाऱ्यालाही मागे ढकलतं.

पुढे दोन आणि मागे दोन चाकं असलेल्या, म्हणजे क्वाड स्केट्सचा थांबा पुढे, बोटांपाशी असतो. तो समोर टेकवला तर माणूस पुढे उलथतो. वजन पुढच्या वाकलेल्या पायावर ठेवून दुसरा पाय मागे न्यायचा आणि त्याचा थांबा हलकेच घासत आणायचा.

जागा निवडताना

गुळगुळीत म्हणजे चकचकीत नव्हे. पॉलिश केलेल्या फरशीवर बारीक धूळ असली की ढकलण्यासाठी रेटलेला पायच बाजूला सरकतो. चांगला कोबा किंवा ट्रिमिक्स काँक्रीटची जमीन उत्तम, मात्र ती आधी झाडून घ्या. एक खडा चाकाखाली आला तरी चाक जागीच अडतं. पेव्हर ब्लॉकच्या फटी, सांडपाण्याच्या जाळ्या, गाड्यांखालचे तेलाचे डाग आणि ओली जमीन टाळा. उतार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चेंडू जमिनीवर ठेवून पाहा. तो आपोआप घरंगळला तर ती जागा ब्रेक पक्का होईपर्यंत नको.

पडणं शिकवलेलंच नसतं

तोल मागे जातोय असं जाणवलं की हात हवेत फिरवू नयेत. त्याने अंग आणखी मागे जातं. पटकन खाली बसून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे. पुष्कळदा एवढ्यानेच तोल परत येतो. नाहीच आला तर एका बाजूला वळून मांडीच्या आणि कुल्ल्याच्या मांसल भागावर पडायचं. पुढे पडताना क्रम असा: आधी गुडघे, मग कोपरं, शेवटी तळवे, बोटं वर उचललेली. कडक टोपीचं पॅड जमिनीवर घसरतं आणि धक्का विरतो. हे आधी बिनस्केटचं, चटईवर, पॅड घालून करून घ्या. उठताना गुडघ्यांवर यावं, एक पाय पुढे ठेवावा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर रेटावेत आणि उभं राहावं.

गुडघ्यांचे आणि कोपरांचे पॅड आधी चढवा, मग हेल्मेट, मग बूट. मनगटाचे गार्ड सगळ्यांत शेवटी, कारण ते घातल्यावर लेस बांधता येत नाही. नेमके म्हणूनच ते राहून जातात, आणि पडताना माणूस आपोआप पुढे करतो तो हातच. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, डोक्यावर आडवं बसलेलं हवं. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं.

हातावर पडल्यानंतर अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटावर जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर मुरगळलंय म्हणून सोडून देऊ नका. तिथल्या लहान हाडाचं फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. डॉक्टर पुन्हा बोलावतील त्या दिवशी जा, आणि तोवर स्केट्स बंद ठेवा.