वेड कशाचं बनलंय, ते आधी पाहा

एम.ए.च्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी वेड्या पात्राची कथा वाचून येतात, तेव्हा निम्म्यांच्या वहीत रोगाचं नाव लिहिलेलं असतं. स्किझोफ्रेनिया, डिप्रेशन, बायपोलर. मोबाइलवर लक्षणं शोधून यादीही केलेली असते. उरलेल्या निम्म्यांनी उलट टोक गाठलेलं असतं: "सर, वेडा तो नाहीच, वेडा समाज आहे." या दोन्ही वाक्यांची अडचण एकच. ती कथा न वाचताही लिहिता येतात.

या विषयावर पेपर किंवा प्रबंधिका लिहायची असेल, तर सुरुवातीला रशियन लेखक गोगोलची 'वेड्याची रोजनिशी' घ्या, असं मी सगळ्यांनाच सांगतो. १८३५ सालची, वीस-पंचवीस पानांची कथा. इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात आणि रशियन येत नसलं तरी काम अडत नाही.

कथेतला पोप्रिश्चिन पीटर्सबर्गच्या एका सरकारी खात्यात कारकून आहे. पीटर राजाने १७२२ साली रशियन नोकरशाहीची चौदा पायऱ्यांची उतरंड घालून दिली होती. पोप्रिश्चिन त्यातल्या नवव्या पायरीवर आहे. त्या काळी आठवी पायरी गाठली की मुलकी नोकराला वंशपरंपरागत सरदारकी मिळायची, त्यामुळे नवव्यावर अडकून पडलेली माणसं हा रशियन साहित्याचा हक्काचा विषय झाला. पोप्रिश्चिन जन्माने उमराव कुळातलाच आहे, पण खिशात दमडी नाही आणि वय बेचाळीस. साहेबांच्या खोलीत बसून तो लेखण्या तासतो. एका दिवशी साहेबांसाठी तेवीस आणि साहेबांच्या मुलीसाठी चार लेखण्या तासल्या, अशी नोंद आहे. त्या मुलीवर त्याचा जीव जडलाय. त्याचा विभागप्रमुख त्याला तोंडावर सांगतो की तू म्हणजे निव्वळ शून्य. गोगोलने स्वतः पीटर्सबर्गमध्ये कारकुनी केली होती, हे त्या खोलीच्या वर्णनातून जाणवतं.

आता वाचायचं कसं? पहिल्या वाचनात काहीही अधोरेखित करू नका. दुसऱ्या वाचनात वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे पात्राच्या भ्रमात जे जे येतं ते लिहा आणि उजवीकडे तीच गोष्ट त्याच्या रोजच्या आयुष्यात कुठे आली होती ते. कथा चांगली असेल तर उजवी बाजू भरत जाते.

करून बघू. पहिल्याच नोंदीत, म्हणजे ३ ऑक्टोबरला, पोप्रिश्चिनला रस्त्यात दोन कुत्र्या एकमेकींशी बोलताना ऐकू येतात. त्यांतली एक साहेबांच्या मुलीची, मेजी. कुत्र्या एकमेकींना पत्रं लिहितात असं त्याला कळतं. तो दुसरीच्या घरी जाऊन तिच्या टोपलीतले कागद उचलून आणतो आणि वाचतो. रोगाचं नाव शोधणारा विद्यार्थी इथे 'भास' असं लिहून पान उलटतो. पण थांबा, त्या पत्रांत आहे काय ते बघा. साहेब दिवसभर एकच गोष्ट पुटपुटत होते, "मिळेल की नाही मिळणार?" मग एके दिवशी ते खुशीत येतात, कारण मानाची फीत मिळालेली असते. मेजीने ती फीत हुंगून पाहिली, वास काही नव्हता. हळूच चाटली, तर थोडी खारट लागली.

ज्या साहेबाला पोप्रिश्चिन देव मानतो, त्याचं खरं रूप त्याला फक्त या भासातून दिसतं. त्याच पत्रांत पुढे तो स्वतःबद्दलही वाचतो: केस वाळलेल्या गवतासारखे, गोणीतल्या कासवासारखा अवतार, आणि मुलीला त्याच्याकडे पाहून हसू आवरत नाही. जागेपणी जे त्याने स्वतःला कधीच कळू दिलं नसतं, ते कुत्रीच्या तोंडून त्याच्यापर्यंत येतं. पेपरमध्ये लिहिण्यासारखी गोष्ट ही आहे. या कथेतल्या भासाला खात्याची जितकी अचूक माहिती आहे, तितकी पोप्रिश्चिनच्या शुद्धीला नाही.

नंतर मुलीचं लग्न दरबारातल्या एका मानकऱ्याशी ठरल्याचं त्याला समजतं. ३ डिसेंबरची नोंद तीन-चारदा वाचा. तो म्हणतो, मानकरी असला म्हणून काय त्याच्या कपाळावर तिसरा डोळा फुटणार आहे? त्याचं नाक काही सोन्याचं नाही, माझ्यासारखंच आहे. मग मीच नवव्या पायरीवर का, कशाच्या आधारावर? कदाचित मी कुणी सरदार किंवा सेनापती असेन आणि नुसता कारकून दिसत असेन. यातला पहिला अर्धा भाग अख्ख्या कथेतला सर्वांत शहाणा विचार आहे: हुद्दा ही हातात धरता येईल अशी वस्तूच नाही. आणि त्याच दमात, त्याच तर्काच्या जोरावर तो वेडाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकतो. कुठल्या वाक्यापर्यंत टीका आणि कुठून आजार, अशी रेघ ओढून पाहा. वर्गात दरवेळी ती वेगळ्या ठिकाणी ओढली जाते, आणि या भांडणातूनच चांगले पेपर निघतात.

दोन दिवसांनी तो वर्तमानपत्रात वाचतो की स्पेनची गादी रिकामी आहे. ही बातमी गोगोलच्या कल्पनेतली नाही. स्पेनचा राजा सातवा फर्डिनंड १८३३ साली वारला, गादीवर जेमतेम तीन वर्षांची मुलगी आणि तिच्या विरोधात काका असा वाद पेटला. पोप्रिश्चिनच्या डोक्यात ते बसत नाही: राज्य आहे म्हणजे राजा असणारच, फक्त अजून सापडला नसेल. मग '२००० साल, ४३ एप्रिल' या तारखेला तो जाहीर करतो की राजा सापडला, तो मीच. तीन आठवड्यांच्या दांडीनंतर तो कचेरीत जातो. त्याच्यापुढे कागद सरकवला जातो तेव्हा कोपऱ्यात कारकुनाची सही करायच्या ऐवजी साहेबांच्या सहीच्या जागी लिहितो, 'आठवा फर्डिनंड'. नवा कोरा गणवेश कापून राजाचा झगा शिवतो.

वहीची उजवी बाजू आता बघा: सही, गणवेश, रिकामं पद, नेमणूक. त्याच्या वेडात कचेरीबाहेरचं जवळजवळ काही नाही. त्याला उतरंड मोडायची नाही, तिच्या टोकावर जायचंय. तारखाही तशाच. मार्च आणि ऑक्टोबर मिळून एक महिना तयार होतो, एका दिवसाला तारीखच नसते, फेब्रुवारीला तीस दिवस होतात. ज्याचा सगळा जन्म कागदावर तारीख टाकण्यात गेला, त्याच्याकडून सर्वांत आधी सुटते ती तारीख.

वेड्यांच्या इस्पितळात त्याला नेलं जातं, तर त्याला वाटतं स्पेन आला. डोकं भादरलेली माणसं म्हणजे दरबारी. रखवालदार पाठीत काठी हाणतो, तर ही उच्चपदावर घेण्याची सरदारी रीत असणार. त्याची चूक झालीय खरी, पण खात्यातही अपमान सोसून वर चढायचं असतं, हे तो तिथेच शिकला होता. मग डोक्यावर थंड पाणी ओततात. त्याचा अर्थ मात्र त्यालाही लावता येत नाही.

इथे दोन गोष्टींबाबत सावध राहा. पोप्रिश्चिन बंडखोर नाही. तो नोकरांना, व्यापाऱ्यांना, खालच्या कारकुनांना तुच्छ लेखतो. व्यवस्थेवरची टीका कथेची आहे, पात्राची नाही, आणि हा फरक प्रबंधिकेत पुसला गेला की परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. दुसरं म्हणजे शेवटची नोंद. तिथे तो अचानक आईला हाक मारतो, आपल्या दुखऱ्या डोक्यावर एक तरी अश्रू ढाळ म्हणतो, आणि लगेच अल्जिअर्सच्या राजाच्या नाकाखालच्या गाठीबद्दल विचारतो. ती हाक नोकरशाहीच्या टीकेत बसवायला जाऊ नका. सामाजिक वाचन सगळं खाऊन टाकायला लागलं की दुखणाऱ्या माणसाचं दुखणं त्यात दिसेनासं होतं, आणि वाचणारा त्या विभागप्रमुखापेक्षा फार वेगळा उरत नाही.

पोप्रिश्चिन नीट पचला की मग लू शून घ्या. या चिनी लेखकाने १९१८ साली गोगोलच्याच शीर्षकाची कथा लिहिली. तिच्यातल्या वेड्याला वाटतं, गावातली माणसं, त्याचा सख्खा भाऊसुद्धा, माणसं खातात. तो इतिहासाचं पुस्तक उघडतो तर पानापानावर 'सदाचार आणि नीती' लिहिलेलं असतं, पण ओळींच्या मधून त्याला दिसतं 'माणसं खा'. इथे टीका पात्राच्या तोंडीच आहे, म्हणून विद्यार्थ्यांना ही कथा सोपी वाटते. खरी मेख प्रस्तावनेत आहे, आणि ती बहुतेक जण घाईत ओलांडतात. तिथे एक सभ्य गृहस्थ जुन्या ग्रांथिक चिनीत सांगतो की रोगी आता बरा झाला आहे आणि सरकारी नेमणुकीसाठी गेला आहे. मी त्याची डायरी वैद्यांच्या अभ्यासासाठी देतो आहे. रोगाचं नावही तो देतो. म्हणजे वैद्यकीय वाचन लेखकाने स्वतःच कथेच्या दारात उभं केलं आहे, तेही पंडिती भाषेत. डायरी मात्र साध्या बोलीत. आणि 'बरा झाला' याचा अर्थ तो पुन्हा त्याच लोकांत, त्यांच्याच नोकरीत परतला. कुठल्याही वेडाच्या कथेत बरं झाल्यावर पात्राला कुठे पाठवलंय, हे आवर्जून बघा.

मराठीत हात बसवायचा असेल तर 'नटसम्राट' आहेच. पण तिथे एक सापळा आहे. मुलं वाईट निघाली म्हणून बाप खचला, एवढंच लिहिलं तर ती दोन घरांची तक्रार झाली. दोन रकान्यांची वही अप्पासाहेब बेलवलकरांना लावून बघा. भान सुटतं तेव्हा त्यांच्या तोंडी रंगभूमीवरच्या भूमिकांची भाषा येते. ज्या समाजाने त्या भाषेला टाळ्या दिल्या, त्याच्याकडे निवृत्त नटासाठी घरात कुठली जागा होती, तिथून पेपर सुरू होतो.

तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: "म्हणजे तुमच्या मते त्याला आजार नव्हताच?" गोंधळू नका आणि 'नव्हता' असंही म्हणू नका. पोप्रिश्चिन आजारी आहे. 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द जन्मायच्या सत्तरेक वर्षं आधी गोगोलने लिहिलेली लक्षणं आजच्या डॉक्टरांनाही ओळखीची वाटतात. पण तोच आजार एखाद्या शेतकऱ्याला झाला असता, तर तो स्पेनचा राजा झाला नसता आणि त्याने साहेबांच्या जागी सही केली नसती. आजार माणसाला का झाला हे डॉक्टरांना विचारा, आणि भ्रमात सही का आली हे कथेला. मग परीक्षकांना त्या सहीच्या पानावर घेऊन जा, कारण पुढचे प्रश्न तिथूनच येतात.