या चुका टाळा: एप्रिलात बिस्किटं पसरतात, दोष बटरचा

बटर बिस्किटांच्या बहुतेक पाककृतींत 'रूम टेंपरेचरचं बटर' असं लिहिलेलं असतं. ती रूम थंड देशातली, साधारण २० अंशांची. अथणी-चिकोडीकडच्या स्वयंपाकघरात एप्रिलच्या दुपारी पारा ३५ च्या आसपास असतो आणि बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं. पाककृतीतलं 'तासभर बाहेर ठेवा' इथं पाळलं तर वाटीत तूपच उरतं.

साखर फेटताना मऊ, पण घट्ट बटरमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. पातळ बटर ते धरत नाही. मग १०० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम पिठीसाखर आणि १५० ग्रॅम मैद्याची बिस्किटं ट्रेवर चपटी पसरतात, कडा तेलकट होतात. वितळलेलं बटर पुन्हा गोठवून उपयोग नाही. त्यातलं पाणी आणि स्निग्धांश वेगळे झालेले असतात आणि ते रवाळ होतं.

म्हणून बटर फ्रीजमधून काढताच बोटाच्या पेराएवढे तुकडे करून स्टीलच्या ताटात पसरा. उन्हाळ्यात दर दोन-तीन मिनिटांनी बोटानं दाबून बघा. दहा मिनिटंही लागत नाहीत. खळगा पडावा, बोट आरपार जाऊ नये. वरून चकाकी आली की वेळ टळत आली म्हणून समजा. भांडं लगेच बर्फाच्या पाण्यावर ठेवून दोन-तीन मिनिटं फेटा. मायक्रोवेव्ह नकोच, मध्ये पातळ आणि कडेला दगड असं होतं. खानापूरकडे पावसाळ्यात हवा गार असते, तिथं जास्त वेळ द्या. घड्याळापेक्षा बोट खरं.

मिठाची चूक वेगळी. आपल्या दुकानात सहज मिळतं ते पिवळं बटर सॉल्टेड असतं. पाकिटावरचं सोडियम बघा आणि अडीचनं गुणा: १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. वरच्या बिस्किटांना ते चालतं, फक्त पाककृतीतलं पाव चमचा मीठ गाळा. बटरक्रीमला मात्र अनसॉल्टेडच घ्या. २०० ग्रॅम बटरमधलं ४ ग्रॅम मीठ कितीही साखर घातली तरी जिभेला लागतंच. घरचं लोणी बिनमिठाचं खरं, पण त्यात पाणी आणि ताक राहतं. थंड पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन घट्ट पिळल्याशिवाय ते बिस्किटात घालू नका.

अनसॉल्टेड बटर लवकर खराब होतं. पाकीट आणल्याबरोबर ५०-५० ग्रॅमचे तुकडे बटर पेपरमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीझरमध्ये टाका. फ्रीजच्या दारात ठेवू नका. दार उघडलं की पहिला चटका त्यालाच, शिवाय शेजारच्या लसणाचा किंवा सुकटीचा वास ते ओढून घेतं. वापरायच्या आदल्या रात्री कागद न काढता खालच्या कप्प्यात आणा, म्हणजे दव बटरवर बसत नाही. वीज दोन-तीन तास गेली तर फ्रीज उघडू नका. कडा गडद पिवळ्या झाल्या आणि खवट वास आला, तर ते बटर टाकून द्या. भट्टीत तो वास जात नाही.