बिनपगारी रजेवर जाताय? पीएफ आणि मेडिक्लेमच्या अर्जात या चुका टाळा

पगारपत्रकाच्या टेबलावर बरीच वर्षं काढल्यामुळे एक वाक्य मला पाठ झालंय: "रजेच्या काळात माझा पीएफ आणि इन्शुरन्स चालू ठेवावा ही विनंती." अर्ज एवढाच असतो. पीएफ पगारावर चालतो आणि मेडिक्लेम सभासदांच्या यादीवर. दोन्हींसाठी एकच वाक्य लिहिलं की एचआर "ओके" म्हणतं आणि कुणीच काही करत नाही.

आधी पीएफ. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के तुमचे, तेवढेच कंपनीचे. पगारच शून्य असेल तर बारा टक्के कशाचे काढणार? तो महिना विवरणपत्रात बिनवर्गणीचे दिवस म्हणून जातो. "मी माझ्या खिशातून दोन्ही हिस्से भरतो" असं सांगणारे दरवर्षी भेटतात. तसं भरता येत नाही. बचतच करायची असेल तर पीपीएफमध्ये टाका, कंपनीच्या मागे लागू नका. जुन्या शिलकेवर व्याज मिळत राहतं, त्यामुळे घाबरून पैसे काढायचीही गरज नाही. तोटा होतो तो पेन्शनच्या सेवेत, कारण हे दिवस त्यातून वजा होतात. पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेच्या अटीजवळ आलेल्यांनी हा हिशोब आधी करावा.

मग मागायचं काय? शिल्लक अर्जित रजा एकदम संपवू नका, ती महिन्यांवर पसरायला मागा. समजा सहा महिने जायचंय, ३० दिवस रजा शिल्लक आहे आणि मूळ पगार ३०,००० आहे. महिन्याला पाच दिवस पगारी धरले तर मूळ पगार ५,००० निघतो आणि त्यावर ६०० तुमचे, ६०० कंपनीचे जातात. रक्कम किरकोळ आहे, पण नाव दर महिन्याच्या पगारपत्रकात राहतं. कंपनीचे रजेचे नियम परवानगी देतात का, हे मात्र आधी विचारा. रजा सुरू झाल्यावर आलेल्या अशा अर्जांना मी फारसा भाव देत नाही.

आता मेडिक्लेम. खरं नुकसान इथे होतं. आमच्याकडच्या एकाने ऑक्टोबर ते मार्च अशी बिनपगारी रजा घेतली, आईच्या आजारपणासाठी. आईचं कव्हर होतं आणि त्याचा हप्ता त्याच्या पगारातून कापला जायचा. साहेब तोंडी म्हणाले, "सगळं चालू राहील, काळजी करू नको." पॉलिसीचं नूतनीकरण होतं १ जानेवारीला. ब्रोकरला नवी यादी पाठवताना ज्यांना डिसेंबरचा पगार निघाला तेवढीच नावं गेली. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, एक्सेलमधला फिल्टर होता. फेब्रुवारीत आईला दाखल केलं तेव्हा कॅशलेसच्या खिडकीवर उत्तर आलं: "या नंबरवर सभासद नाही." कंपनीने धावपळ करून नाव परत घातलं, पण त्या दिवसापासून पुढे. आधीच सुरू झालेला दवाखाना त्यात बसला नाही. बिल त्याने भरलं आणि साहेबांचं ते "काळजी करू नको" कुठल्याही कागदावर नव्हतं.

म्हणून माझी सवय सांगतो. अर्जात "चालू ठेवा" लिहूच नका, प्रश्न लिहा:

"पॉलिसी कोणत्या तारखेला संपते? माझी रजा त्या तारखेवर पडते, तेव्हा नव्या यादीत माझं आणि माझ्या कुटुंबीयांचं नाव राहील का? नूतनीकरणाच्या दिवशी कामावर हजर असण्याची अट पॉलिसीत आहे का? पगारातून कापला जाणारा माझा हप्ता मी आगाऊ, एकरकमी भरायला तयार आहे, तो कोणत्या खात्यात भरू?"

उत्तर ईमेलवरच घ्या. हजर असण्याची अट असेल तर एचआरची दयाबुद्धी कामाची नाही, विमा कंपनीची लेखी मान्यता लागते. नूतनीकरणानंतरच्या आठवड्यात नवं ई-कार्ड उतरवून घ्या आणि प्रत्येक नाव वाचा. जुनं कार्ड मोबाइलमध्ये आहे म्हणून निर्धास्त राहणारे पाहिले की मला चीड येते. कव्हर राहणार नाही असं कळलं, तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची चौकशी पॉलिसी संपायच्या महिना-दीड महिना आधी करा. प्रतीक्षाकाळाचा जमा झालेला फायदा तिथे सोबत नेता येतो.

रजेत बाळ झालं तर नाव घालायला कंपनीने ठरवलेली मुदत असते. ती रजा संपेपर्यंत थांबत नाही.

शेवटची चूक अतिउत्साही लोकांची. पीएफ येईनासा झाला म्हणून पोर्टलवर स्वतःच `Mark Exit` दाबतात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की ती सोय उघडते आणि रजेवरचा माणूस तिला हमखास बळी पडतो. नोंद झाली की तुम्ही नोकरी सोडलीत असं रेकॉर्ड बनतं. ते दुरुस्त करायला कंपनीसह संयुक्त घोषणापत्र द्यावं लागू शकतं आणि त्यात वेळ जातो. कधीकधी एचआरचा नवखा मुलगाही नोकरी सोडल्याची तारीख टाकून बसतो. म्हणून रजेत महिन्यातून एकदा पोर्टलवरचा सेवा इतिहास उघडून पाहा. सोडल्याच्या तारखेचा रकाना रिकामाच दिसला पाहिजे.