पिक्चर मोड ठरवण्याआधी: उजेडातली आणि अंधारातली तयारी

रिमोट हातात घेण्याआधी खोली नेहमीसारखी करा. दुपारी टीव्ही बघत असाल तर पडदे रोजच्यासारखेच ठेवा. रात्री बघत असाल तर दिवे मालवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. बंद टीव्हीच्या काचेत खिडकी लख्ख दिसत असेल तर ती कुठल्याच मोडने जाणार नाही. तिथे पडदा ओढणं हाच इलाज. मग पॉवर सेव्हिंग आणि उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद करा, नाहीतर तुम्ही एक लावाल आणि टीव्ही दुसरंच करेल.

तपासायला काळा कोट घातलेला माणूस असलेला एखादा अंधारा प्रसंग निवडा आणि सिनेमा मोड लावा. चित्र पिवळट वाटेल, पण लगेच मागे फिरू नका. स्टँडर्डमधला पांढरा निळसर असतो आणि डोळ्याला त्याची सवय झालेली असते. सिनेमाचा पांढरा 6500 केल्व्हिन या प्रमाण पांढऱ्याच्या जवळ असतो, चित्रपटाचे रंग त्यालाच धरून ठरवलेले असतात.

दुपारी याच प्रसंगात कोटाचा नुसता काळा डाग दिसतो. बहुतेकजण इथेच स्टँडर्डवर जातात. त्याआधी बॅकलाइट वाढवा आणि मधल्या छटा किती गडद दिसतील ते ठरवणारा गॅमा 2.4 वरून 2.2 वर आणा, कोटाच्या घड्या दिसू लागतील. ब्राइटनेसला मात्र हात लावू नका. बऱ्याच टीव्हींमध्ये ते बटण उजेडाचं नसून काळ्या रंगाच्या पातळीचं असतं. ते जास्त झालं की चित्रपटाच्या वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या राखाडी होतात. एवढं करूनही दिसत नसेल तर दिवसापुरता स्टँडर्ड खुशाल वापरा, फक्त हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद आणि शार्पनेस कमी करा. रात्री उलटं करायचं: सिनेमा मोड, गॅमा 2.4, आणि पांढरी सबटायटल्स डोळ्यांना टोचेनाशी होईपर्यंत बॅकलाइट खाली.

गेम मोडचा खोलीतल्या उजेडाशी संबंध नाही. इतर मोडमध्ये चित्रावर प्रक्रिया होताना बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत 100 मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होऊ शकतो. गेम मोडमध्ये तो बहुधा 20 च्या आत येतो. म्हणून कंट्रोलर हातात असेल तेव्हाच तो लावा. त्यातही रंग ‘वॉर्म’ करता येतो आणि रात्री बॅकलाइट उतरवता येतो. कन्सोलवरूनच चित्रपट बघत असाल तर टीव्ही गेम मोडमध्येच अडकलेला नाही ना, तेवढं बघा.

शेवटी एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारा, चित्रपट लावून मेनू पुन्हा उघडा, कारण त्याची सेटिंग्ज बहुतेक टीव्हींत वेगळी साठवली जातात. तिथे बॅकलाइट बहुधा आधीच पूर्ण वर असतो, त्यामुळे दुपारी वाढवायला काही उरत नाही. अंधारे प्रसंग जास्त असलेला एचडीआर चित्रपट रात्रीसाठी राखून ठेवलेला बरा.