१६ ला ४ ने भागून २ उरतात? वर्गसंख्येच्या बाकीत होणाऱ्या चुका

कोणत्याही पूर्ण वर्ग संख्येला ४ ने भागलं तर बाकी ० किंवा १ च येते, २ किंवा ३ कधीच येत नाही. नियम एवढाच आहे, पण वापरताना मुलं तो हमखास दुसऱ्या एका नियमात मिसळतात. शाळेत आधी शिकवलेलं असतं की एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ असेल तर संख्या पूर्ण वर्ग नसते. दोन्हीकडे २ आणि ३ आहेत, म्हणून डोक्यात ते एकच होऊन बसतं. मग एककाचा अंक पाहायचा, त्यालाच ४ ने भागायचं आणि निकाल द्यायचा. १६ चा एकक ६, सहाला चाराने भागून २ उरले, म्हणून १६ पूर्ण वर्ग नाही! माझ्याकडच्या एका मुलीने हे वहीत व्यवस्थित लिहून आणलं होतं. १६ म्हणजे ४ चा वर्ग हे तिला पाठ होतं, तरी पद्धतीवर तिचा विश्वास जास्त होता.

एककावरून ४ ची बाकी कळत नाही, कारण १० ला ४ ने नि:शेष भाग जात नाही, २ उरतात. १०० ला मात्र नि:शेष भाग जातो. म्हणून शेवटचे दोन अंक घ्यायचे आणि फक्त त्या दोन अंकी संख्येला भागायचं. ३,५८६ असेल तर ८६ पाहा: ८४ गेले, २ उरले, म्हणजे ती पूर्ण वर्ग नाही. एककस्थानी ६ असल्यामुळे जुन्या नियमाने ती सुटली असती.

या दोन अंकांत एक सुंदर गोष्ट लपलेली आहे. एककस्थानी ६ असेल तर त्या सहाची बाकी २. वर्गाला ती चालत नाही, म्हणून दशकाच्या अंकाने आणखी २ पुरवायलाच हवेत, आणि ते फक्त विषम दशक पुरवू शकतो. १६, ३६, १९६, २५६, ५७६, ६७६: प्रत्येकात दशकस्थानी १, ३, ५, ७ किंवा ९ आहे. उलट एककस्थानी १, ४, ५, ९ किंवा ० असेल तर दशकाचा अंक सम असावाच लागतो. १४४, ३२४, १६९, २२५ पाहून घ्या. म्हणजे ७,३९४ पूर्ण वर्ग आहे का असं विचारलं तर वर्गमूळ काढायची गरज नाही. चाराच्या आधी नऊ बसलाय, विषय संपला.

दुसरी चूक सिद्धतेत होते, आणि ती जास्त महागात पडते. विषम संख्या 2k + 1 मानली की घाईत असं लिहिलं जातं:

```
(2k + 1)² = 4k² + 1
```

बाकी १ आली, उत्तर बरोबर दिसतं, म्हणून कोणी मागे वळून पाहत नाही. पण मधलं पद गळालं आहे. k = 2 घालून बघा: डावीकडे ५ चा वर्ग २५, उजवीकडे १७. खरा विस्तार असा:

```
(2k + 1)² = 4k² + 4k + 1 = 4k(k + 1) + 1
```

मधलं पद 4k आहे, त्यालाही ४ ने भाग जातो, म्हणून चूक लपून राहते. हीच सवय ३ ने भागतानाही उघडी पडत नाही. 3k + 1 च्या वर्गात मधलं पद 6k असल्यामुळे तिथेही निभावून जातं, पण ८ ने भागायला गेलात की फसता. 4k² + 1 वरून विषम वर्गाची ८ ने भागल्यावरची बाकी कधी १ तर कधी ५ येईल असं वाटतं. खरं तर k आणि k + 1 पैकी एक समच असतो, म्हणून 4k(k + 1) ला ८ ने पूर्ण भाग जातो आणि बाकी नेहमी १ च राहते.

सूत्रावर मन बसत नसेल तर ठिपक्यांच्या रांगोळीचा कागद घ्या. पाच ओळी, पाच रांगा, असे २५ ठिपके काढा. मधला एक ठिपका बाजूला ठेवा. उरलेल्या २४ ठिपक्यांचे त्याच्याभोवती भिंगरीसारखे फिरणारे चार सारखे आयत पाडता येतात, प्रत्येक २ बाय ३ चा. हेच ते 4k(k + 1), आणि मधला ठिपका म्हणजे ती १ बाकी. सात बाय सातमध्ये हेच आयत ३ बाय ४ चे होतात. बाजू सम असेल तर मधोमध दोन रेघा मारल्या की चार सारखे चौरस मिळतात, काहीच उरत नाही. बाजू समही नाही आणि विषमही नाही असा चौरस असू शकत नाही, म्हणून तिसरी शक्यता उरत नाही. कितीही उदाहरणं तपासली तरी ही खात्री मिळत नाही, ती या दोन आकृत्यांतून मिळते.

काही जण सम-विषम न करता संख्येची ४ ने भागल्यावरची बाकी घेऊन चार प्रकार करतात. चालेल, फक्त शेवटच्या पायरीवर लक्ष ठेवा. बाकी २ चा वर्ग ४ आणि बाकी ३ चा वर्ग ९ येतो आणि मुलं "बाकी ४", "बाकी ९" लिहून थांबतात. बाकी भाजकापेक्षा लहानच असते. ४ ला पुन्हा भागलं की ०, ९ ला भागलं की १.

व्यत्यासाची चूकही सारखी दिसते: बाकी ० किंवा १ आली, म्हणून संख्या पूर्ण वर्ग. १ ते १०० मध्ये अशा बाकीच्या ५० संख्या आहेत, वर्ग मात्र १० च. हा नियम फक्त नाकारू शकतो. २,०२९ ची बाकी १ येते, पण ४५ चा वर्ग २,०२५ आणि ४६ चा २,११६. ती मध्येच अडकली आहे. चाचणीतून सुटलेल्या संख्येला असं दोन लगतच्या वर्गांमध्ये धरून पाहावंच लागतं.

आता या नियमाचं खरं बळ दिसेल असा एक प्रश्न. ११, १११, ११११ अशी फक्त एक या अंकाची, दोन किंवा अधिक अंकांची एखादी संख्या पूर्ण वर्ग असेल का? एककस्थानी १ आहे, त्यामुळे जुना नियम गप्प बसतो. पण शेवटचे दोन अंक नेहमी ११ च, आणि ११ ला ४ ने भागून ३ उरतात. अनंत संख्या एका ओळीत निकालात निघाल्या.

दोन वर्गांची बेरीज आली की मात्र नवीन घोटाळा होतो. २,०२७ दोन वर्गांची बेरीज नाही हे दाखवताना मुलं एक संख्या 2k आणि दुसरी 2k + 1 घेतात. एकच k घेतला की त्या लगतच्या संख्या झाल्या, बाकी सगळ्या जोड्या सुटल्या. दुसरीला m हे वेगळं अक्षर द्या, किंवा अक्षरं सोडून नुसत्या बाक्या मिळवा: ० + ०, ० + १, १ + १. उत्तरं ०, १, २. तीन कुठेच नाही, आणि २,०२७ ची बाकी ३ आहे. शेजारच्या २,०२६ ची बाकी २, तिला वाट मोकळी आहे: ४५ चा वर्ग अधिक १ चा वर्ग.