नुकसानीच्या मुद्द्यांवरून बँकेला मुदतवाढीचं पत्र

सोसायटीच्या बैठकीत टिपलेले मुद्दे बहुधा असे असतात: "पाऊस फार, सोयाबीन गेलं, मार्चमध्ये हप्ता जमणार नाही." शाखाधिकाऱ्यांना एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. म्हणून क्रम उलटा करा, आधी मागणी आणि मग कारण.

१. विषयाच्या ओळीतच कर्जाचा प्रकार, देय तारीख आणि मागणी लिहा: "३१ मार्च रोजी देय खरीप पीककर्जाचे मध्यम मुदतीच्या कर्जात रूपांतर करण्याबाबत."

२. प्रत्येक मुद्द्याला क्षेत्र, तारीख आणि कागद जोडा. "सोयाबीन गेलं" याचं असं होईल: "सप्टेंबरमधील अतिवृष्टीने ४२ सभासदांच्या ६८ हेक्टर सोयाबीनचे ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झाल्याची नोंद पंचनाम्यात आहे." शासकीय मदतीसाठी ३३ टक्के हीच किमान मर्यादा धरतात, म्हणून तो आकडा स्पष्ट यायला हवा.

३. सभासदांची नावं, गट क्रमांक आणि खाते क्रमांक मजकुरात कोंबू नका. वेगळा तक्ता जोडा. सोबत संचालक मंडळाचा ठराव हवाच.

टक्केवारी पंचनाम्यातलीच लिहा, अंदाजाची नको. पत्र देय तारखेआधी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.